तो उतरला नव्हता, त्याला उतरवलं होतं

माझा आत्तेभाऊ एका सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत मेला. आत्या गावी होती. मी फोनवर तिला एवढंच सांगितलं, "दादाची तब्येत जास्त आहे, तू निघून ये." तिला एसटीत एकटीने पाच तास काढायचे होते. त्या खोट्याची मला आजही लाज वाटत नाही. घरी पोचल्यावर तिला सगळं खरं सांगितलं. आजही ती "माझा पोरगा गेला" असंच म्हणते. तो तिचा हक्क आहे.

पण पोलीस ठाण्यात हाच मऊपणा वेगळं काम करत होता. आधी नोंद झाली ती 'अकस्मात मृत्यू'ची. मजकूर असा की मयत हा टाकी साफ करण्यासाठी आत उतरला असता गुदमरून मरण पावला. वाचताना एकही शब्द खोटा वाटत नाही. पण या वाक्यात माणूस एकच आहे, मेलेला. तो उतरला, तो गुदमरला, तो मेला. त्याला बोलावलं कोणी, पैसे ठरवले कोणी, ऑक्सिजनचा मास्क आणि दोर न देता आत पाठवलं कोणी, हे कुठेच नाही. अकस्मात मृत्यूच्या नोंदीत आरोपी नसतो. आरोपी येतो तो गुन्हा दाखल झाल्यावर.

आम्ही तक्रार पुन्हा लिहिली. 'उतरला' खोडून 'ठेकेदाराने उतरवले' केलं. 'दुर्दैवी घटना' काढून 'सुरक्षा साधने दिली नव्हती' लिहिलं. 2013 च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचं कलम 7 आणि 9 टाकलं. असं धोकादायक काम करून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला.

हा खेळ फक्त ठाण्यात चालतो असं समजू नका. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं की हाताने मैला उचलताना मृत्यू झाल्याची नोंदच नाही. गटारात आणि टाक्यांत मेलेली माणसं 'धोकादायक सफाई'च्या वेगळ्या रकान्यात होती. कायद्याने दोन व्याख्या केल्या, सरकारने त्यांच्या आड एक शून्य उभं केलं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण ती मागायची तर तो टाकीतच मेला, हे कागदावर यावं लागतं. 'श्वसनाच्या त्रासाने निधन' एवढ्यावर ती मागता येत नाही.

म्हणून मी एकच कसोटी लावतो. मऊ शब्दाने दुःख कोणाचं हलकं होतंय, आत्याचं की ठेकेदाराचं? आत्याचं होत असेल तर खुशाल वापरा. ठेकेदाराचं होत असेल तर त्या वाक्यात उतरवणाऱ्याचं नाव घाला, आणि ते घातल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नका.

जयभीम.