तिसऱ्या फेरीआधीचे पत्र

जाहिरातीत पदाचे नाव होते ‘क्रेडिट ॲनालिस्ट, लघुउद्योग कर्जे’. खाली कामाचे वर्णन पाच-सहा ओळींत दिलेले होते. अर्जदार उद्योगाचे ताळेबंद, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँक खात्याचे उतारे तपासावेत, परतफेडीची क्षमता ठरवावी आणि मंजुरीसाठी टिपण लिहावे. ठिकाण सांगली, वार्षिक वेतन सहा लाख साठ हजारांपर्यंत. एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात पाच वर्षे नेमके हेच काम करीत आलेल्या त्या मुलीला ते वर्णन आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटले, यात नवल नव्हते. बँकेत तिच्या हाती दरमहा एकतीस हजार येत. सहा लाख साठ हजारांना बाराने भागून पंचावन्न हजारांचा आकडा घरात त्याच संध्याकाळी निघाला, आणि धाकट्या भावाच्या अभियांत्रिकीच्या शुल्काशी त्याची सांगडही घातली गेली.

पहिली फेरी दूरध्वनीवर झाली. मनुष्यबळ विभागातील बाईंनी शिक्षण, अनुभव, सध्याचे वेतन आणि राजीनाम्यानंतर किती दिवसांत रुजू होता येईल, एवढेच विचारले. दुसरी फेरी शाखेच्या व्यवसाय व्यवस्थापकांनी व्हिडिओवर घेतली. ते गृहस्थ बोलायला मोकळे होते. पण अर्ध्या तासात ताळेबंदावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत किती कारखानदार ओळखीचे आहेत, किती सनदी लेखापालांकडे जाणे-येणे आहे, स्वतःची दुचाकी आहे का, महिन्याला किती ‘लॉगिन’ करता येतील, असे त्यांचे प्रश्न होते. या व्यवसायात ‘लॉगिन’ म्हणजे नवे गिऱ्हाईक आणून त्याचा अर्ज प्रणालीत दाखल करणे. ते विक्रीचे माप आहे. कर्ज तपासणाऱ्याच्या कामाचे मोजमाप त्या शब्दात कोणी करीत नाही.

मुलाखतीत उमेदवारालाही प्रश्न विचारण्याची वेळ येते. बहुतेक जण त्या वेळी संकोचाने ‘काही नाही’ म्हणतात. तिने दोनच गोष्टी विचारल्या. हे पद कोणाच्या हाताखाली आहे, आणि वर्षअखेरीचे मूल्यमापन कशावर होते? व्यवस्थापकांनी काहीही लपवले नाही. पद त्यांच्याच, म्हणजे विक्रीच्या हाताखाली होते. मूल्यमापनाचा तक्ता त्यांनी दुसऱ्या दिवशी मेलने पाठवला. शंभरांपैकी साठ गुण वाटलेल्या कर्जाच्या रकमेला, वीस कर्जासोबत विकलेल्या विम्याला, पंधरा थकलेल्या हप्त्यांच्या वसुलीला, आणि उरलेले पाच कागदपत्रांच्या पूर्ततेला. जाहिरातीतले सारे काम त्या पाच गुणांत कोठेतरी बसवलेले होते.

जाहिरात आणि प्रत्यक्ष काम यांत थोडे अंतर असतेच, हे येथे मान्य केले पाहिजे. मोठ्या कंपन्यांत पदनामांची ठरावीक यादी असते आणि मनुष्यबळ विभाग जुनेच वर्णन नव्या जागेला चिकटवतो. गृहकर्जांऐवजी यंत्रसामग्रीची कर्जे हाताळावी लागली किंवा आठवड्यातून एक दिवस कोल्हापूरला जावे लागले, तर त्याला फसवणूक म्हणणे अति होईल. वरिष्ठ कोण आणि पगार कशावर, या दोन गोष्टी बदलल्या की मात्र नाव तेच राहून नोकरी दुसरी होते.

विक्रीचे काम हलके आहे, असे तिला वाटत नव्हते. कडक उन्हात दारोदार हिंडून कर्जाचे गिऱ्हाईक मिळवणारी माणसे तिने पाहिली होती, आणि त्यांच्यातील कित्येक जण पुढे मोठ्या पदांवर गेले होते. तिला खटकले ते व्यवस्थापकांचे सहज बोललेले एक वाक्य. फाईल तुम्हीच आणायची आणि तिचे टिपणही तुम्हीच लिहायचे, पुण्याचे कार्यालय फक्त नजर टाकते, असे ते म्हणाले होते.

याचा अर्थ समजण्यासाठी एक फाईल डोळ्यांपुढे घेतली पाहिजे. समजा, इचलकरंजीचा एक यंत्रमागधारक पंधरा लाखांचे कर्ज मागतो. जीएसटीच्या मासिक विवरणपत्रात त्याची विक्री नऊ लाखांची दिसते. पण बँकेच्या उताऱ्यात महिन्याला जमा होतात चार लाख, आणि सहा महिन्यांत तीन धनादेश न वटता परत गेलेले आहेत. पाच लाखांच्या या फरकाला प्रामाणिक कारण असू शकते. दुसऱ्या बँकेत खाते असेल, किंवा व्यापाऱ्यांकडे उधारी अडकली असेल. तसेच, एखाद्या नातेवाइकाच्या पेढीला कागदोपत्री विक्री दाखवून उलाढाल फुगवलेली असणेही शक्य आहे. तपासणारा दुसऱ्या खात्याचा उतारा मागतो, येणेकऱ्यांची यादी मागतो, मागाच्या शेडमध्ये जाऊन विजेचे बिल पाहतो. माग चालले असतील, तर वीज खर्च झालेलीच असते. यात आठ-दहा दिवस जातात, आणि शेवटी पंधराऐवजी सात लाखच द्यावेत, असे टिपण होऊ शकते. आता हीच फाईल ज्याने स्वतः आणली आहे, ज्याचे साठ गुण वाटलेल्या रकमेवर आहेत आणि ज्याचा महिना चार दिवसांत संपणार आहे, त्याने तो दुसरा उतारा मागावा अशी अपेक्षा करणे कठीण आहे. बँकांमध्ये कर्ज आणणारा आणि कर्ज तपासणारा वेगळे ठेवतात, ते याच कारणासाठी. एखादा माणूस या कसोटीतूनही निभावून जाईल. पण दर महिन्याला निभावून जाणे हीच नोकरीची अट असावी, हे तिला पटेना.

आप्पांनी तीस वर्षे मार्केट यार्डातील एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून काढली होती. त्यांना मूल्यमापनाचा तक्ता वाचून दाखवला, तेव्हा विमा आणि वसुली यांवर ते काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘म्हणजे हळद विकायचीही तूच आणि काटाही तूच धरायचा?’’ यार्डात तोलाईदार वेगळा असतो आणि त्याला परवाना बाजार समितीचा असतो. आप्पांना त्या नोकरीत तो तोलाईदार सापडत नव्हता.

काकूंचे मत निराळे होते. ‘‘अगं, तिसरी फेरी देऊन तरी ये. नेमणूकपत्र हातात आलं की मग ठरव. नाही म्हणायला काय, तेव्हाही म्हणता येईल.’’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि त्यात व्यवहार नाही असे नाही. बोलण्यातून पद बदलून मिळण्याची शक्यता असेल, तर पुढच्या फेरीला जावेच. म्हणून तिने मनुष्यबळ विभागाला एक साधा प्रश्न मेलने विचारला: सांगलीत किंवा पुण्यात निव्वळ तपासणीची जागा सध्या आहे काय? उत्तर त्याच दिवशी आले. सध्या नाही, पुढे निघाल्यास कळवू. हे उत्तर आल्यावर तिसऱ्या फेरीला जाणे म्हणजे पुण्यातील विभागप्रमुखांचा एक तास आणि स्वतःची एक दिवसाची रजा ज्याला नाहीच म्हणायचे आहे त्यासाठी खर्च करणे होते. शिवाय हातात आलेल्या नेमणूकपत्राचा मोह वेगळाच असतो. पंचावन्न हजार घरात आधीच खर्ची पडले होते.

ते पंचावन्न हजारही तिने एकदा कागदावर मांडले. सहा लाख साठ हजारांपैकी एक लाख ऐंशी हजार ‘बदलते वेतन’ होते, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले तरच मिळणारे. उरलेल्या चार लाख ऐंशी हजारांत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी एकवीस हजार सहाशे आणि उपदानाची तरतूद सुमारे साडेअकरा हजार धरलेली होती. ती वजा करून बाराने भागले, तर महिन्याला सुमारे सदतीस हजार दोनशे येतात. त्यातून तिचा स्वतःचा निधीचा वाटा अठराशे आणि व्यवसायकर दोनशे गेला, की हाती राहतात पस्तीस हजारांच्या आसपास. रोज दुचाकीवर हिंडण्याचा खर्च त्यातूनच. बँकेतल्या एकतीस हजारांशी ताडून पाहिले, तर अंतर चार हजारांचेही उरत नव्हते. हा हिशेब आधी झाला असता तर बरे झाले असते, असे आई म्हणाली. पण जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द होता आणि तक्ता नव्हता. हिशेब करणार कशावर?

तिसरी फेरी सोमवारी होती. शुक्रवारी सकाळी तिने पत्र लिहिले. आरंभी दोन्ही मुलाखतकारांचे त्यांनी दिलेल्या वेळेबद्दल आणि तक्ता मोकळेपणाने पाठवल्याबद्दल आभार मानले. पुढे एका वाक्यात कारण दिले: जाहिरातीत कर्ज तपासणीचे काम नमूद होते, प्रत्यक्ष पद प्रामुख्याने विक्रीचे आणि वसुलीचे आहे, त्यामुळे सोमवारच्या फेरीतून मी माझे नाव मागे घेत आहे. शेवटी, तपासणीची जागा निघाल्यास विचार करायला आवडेल, असे लिहिले. पहिल्या मसुद्यात ‘दिशाभूल’ हा शब्द होता, तो तिने खोडला. दिशाभूल कोणी केली, हे तिला ठाऊक नव्हते. तक्ता पाठवणाऱ्या व्यवस्थापकांनी तर नक्कीच केली नव्हती. पदाचे खरे स्वरूप मात्र तिने खोडले नाही. ‘वैयक्तिक अडचणीमुळे’ असे लिहिले असते, तर कंपनीने दुसरी तारीख दिली असती आणि जाहिरातीतील तफावत कोणाच्या नोंदीत आलीच नसती.

जागा सुचवणाऱ्या सल्लागाराचा फोन तासाभरात आला. उमेदवार रुजू झाला तरच त्याला मोबदला मिळतो, आणि तो थोड्या महिन्यांत सोडून गेला तर बहुधा बदली उमेदवार फुकट द्यावा लागतो. त्यामुळे त्याचा आवाज चढलेला होता. ‘‘मॅडम, एवढं कोण बघतं? सगळीकडे असंच असतं.’’ तिने शांतपणे विचारले, ‘‘मी तीन महिन्यांत सोडून गेले असते, तर तुम्हाला चाललं असतं का?’’ तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने तो तक्ता आपल्यालाही पाठवायला सांगितले. कंपनीचा कागद आहे, तुम्ही त्यांच्याकडूनच मागा, असे तिने सांगितले.

पंधरा दिवसांनी ती जाहिरात त्याच मथळ्याखाली पुन्हा दिसली, वर्णनात एक शब्दही बदललेला नव्हता. महिनाअखेरीस त्याच सल्लागाराने आणखी एक जागा सुचवली. नाव-गाव सांगून होताच तो आपण होऊन म्हणाला, ‘‘रिपोर्टिंग क्रेडिट हेडला आहे, विचारून घेतलंय. पगारातला बदलता भाग किती, ते उद्या सांगतो.’’ तिने अर्ज उद्यापर्यंत थांबवून ठेवला.