लगन कोन्त्या गावी हाय?

नांदुऱ्याच्या बाजारात पिकोला दिलेली साडी घ्यायला थांबले होते. शेजारी एक बाई आपल्या दोन सुनांना घेऊन बसल्या होत्या. मे महिन्यातलं लगन आहे, उन्हाचे दिवस आहेत, सुतीच दाखवा, असं त्यांनी सांगितलं. गादीवरच्या म्हाताऱ्या दुकानदारानं गठ्ठा सोडण्याआधी विचारलं, "लगन कोन्त्या गावी हाय, माय?"

"मुंबईकडं. डोंबिवलीले."

"मंग थांबा." त्यानं हातातला खळ घातलेल्या सुती साड्यांचा गठ्ठा परत फळीवर सरकवला आणि पोराला वरचा खण उघडायला सांगितलं.

पुढे त्या बाईंनी काय घेतलं ते मी पाहिलं नाही. पण हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला. उन्हाळ्यातल्या लग्नाला सुती की रेशमी, असं आपण घराघरांतून विचारतो आणि उन्हाळा सगळीकडे एकच धरून चालतो. नांदुऱ्यात मे महिन्यात पारा 44 वर जातो, पण दुपारच्या हवेत ओल 20 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. डोंबिवलीत पारा 35 च्या आसपास असतो, पण हवेत 65-70 टक्के ओल. इथल्या माणसाला वाटतं, दहा अंश कमी म्हणजे थंडच की. गाडी रात्री इकडून निघते, पहाटे कसारा घाट उतरते, आणि घाटाखाली मानेमागे जो चिकटा जाणवतो तो काही थंडाव्याचा नसतो.

घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, घाम सुकला म्हणून होतं. एक लिटर घाम सुकताना अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ सहा लिटर बर्फगार पाण्याला उकळी आणता येईल. आमच्याकडे खिडकीतल्या कूलरची ताटी ओली केली की खोली गार होते, ती याच हिशेबानं. तोच कूलर डोंबिवलीत लावला तर खोलीत नुसती वाफ कोंडते. सुती साडीचंही तसंच. सूत घाम भराभर शोषतं, कोरडी हवा तो भराभर उडवते, आणि वऱ्हाडात सुती साडी अंगावर वागवणं सुखाचं होतं. दमट हवेत सूत तेवढंच शोषतं, पण तो घाम उडत नाही. कापड ओलं राहतं, जड होतं, पायात लिपटतं. खळीचंही तिथे काही चालत नाही, कारण खळ हवेतली ओल ओढते. इथे कागदासारखी कडक उभी राहणारी साडी तिथे मुहूर्ताच्या आधीच मऊ पडते आणि निऱ्या फुगून पसरतात.

रेशीम घाम पीत नाही, म्हणून गरम होतं, असं बायका सांगतात. ते खरं नाही. साधारण दमट हवेत 100 ग्रॅम कोरडं सूत हवेतली सुमारे 8 ग्रॅम ओल घेतं, तर तेवढंच रेशीम 11 ग्रॅमपर्यंत. म्हणजे धागा म्हणून रेशीम ओल घेण्यात सुतापेक्षा कमी नाही, आणि ओल घेऊनही ते हाताला ओलं लागत नाही. साडी गरम होते ती विणीमुळे. लग्नाची म्हणून आपण जी काठपदराची साडी घेतो तिची वीण इतकी दाट की वारा आरपार जात नाही, आणि जरीचा पदर तर धातूचा पत्राच. दुकानात हे ओळखायला सोपं आहे. साडीचा एक थर तोंडासमोर धरायचा, दुसरा हात पलीकडे ठेवायचा आणि फुंकर मारायची. हाताला वारा लागला तर ती साडी डोंबिवलीला न्यावी. मग ती सुताची असो की रेशमाची.

सुताच्या बाबतीत हा वारा लागणं धाग्याच्या नंबरावर असतं. 840 वारांची एक लडी, अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतील तो सुताचा नंबर. 100 नंबरी सूत केसासारखं बारीक, 20 नंबरी जाड. आणि इथे मला माझ्या गावाचं नेहमी थोडं वाईट वाटतं. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा 1870 साली टाकला तो कापसासाठीच. नांदुऱ्यापासून अकोल्यापर्यंत जिनिंग-प्रेसिंगच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पण जुना वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. त्यातून जाडंभरडं सूत निघे, 100 नंबरी कधीच नाही. आमच्या आज्या या कापसाच्या राशींवर वाढल्या आणि लुगडी नेसल्या ती जाडीच. बारीक सुताची साडी लांब धाग्याच्या कापसाची, बहुधा दुसऱ्या प्रांतातली.

पण विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यात, मोहाडी आणि आंधळगावच्या मागांवर एक साडी होते, जिनं सुती की रेशमी हे भांडणच मिटवलं आहे. करवती काठाची साडी. अंग टसरचं, काठ सुताचे. हिच्याविषयी सांगताना मला थांबता येत नाही.

टसरचा किडा तुतीवर पोसत नाही. तो ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात वाढतो. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडचे ढिवर लोक पावसाळ्यात या अळ्या झाडांवर सोडतात आणि मग आठवडेच्या आठवडे झाडाखाली राखण करतात, कारण पक्षी, मुंग्या, गांधीलमाशा सगळ्यांना ती अळी आवडते. अळी फांदीला देठ बांधून अंड्याएवढा कोश विणते, आणि तो इतका टणक की नखानं दबत नाही. सोडा घातलेल्या पाण्यात उकळल्याशिवाय त्याचा धागा सुटत नाही. तो निघतो तोच मधाच्या रंगाचा. रंग चढवायला गेलं तर नखऱ्यानं चढतो, म्हणून जुन्या विणकरांनी अंगाचा रंग तसाच ठेवला, आणि बरं केलं. मला रंगवलेली टसर कधीच आवडली नाही. तुतीच्या रेशमाचा तंतू तिकोनी, काचेसारखा उजेड परतवणारा. टसरचा चपटा, आणि त्याच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या. त्यात धागा कुठे जाड, कुठे बारीक, म्हणून तो विणताना दाट बसतच नाही. धाग्याधाग्यात फट राहते. दमट हवेत अंगाला जे हवं असतं ते या फटीत आहे.

आणि काठ. अंगाचं आडवण टसरचं, काठाचं आडवण लाल, तपकिरी नाहीतर काळ्या सुताचं, म्हणून मागावर तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन, मधल्या अंगाचा एक. प्रत्येक ओळीला अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवायचा. त्यामुळे काठाचा रंग अंगात उतरत नाही, अंगाचा काठात नाही. त्या काठावर करवतीच्या दात्यांची ओळ. हे दाते हातमागावर नीट, टोकदार येतात. यंत्रमागाच्या नकलेत काठ छापल्यासारखा सपाट दिसतो आणि साडी उलटी केली की मागे धागे लोंबकळतात. आता या मागांवर टसरचा धागा पुष्कळदा बाहेरचा येतो, माग कमी झाले आहेत, आणि विणकराच्या घरातला मुलगा मागावर बसत नाही. भौगोलिक निर्देशनाची नोंद या साडीला मिळाली आहे. नोंदीनं नाव वाचतं. माग वाचायला गिऱ्हाईक लागतं.

माझ्या आत्यानं भाचीच्या लग्नाला अशीच एक नेसली होती. मे महिना, डोंबिवलीतला हॉल, एसी फक्त स्टेजच्या बाजूला. जेवणाची पंगत गच्चीवर, पत्र्याखाली. मुलीच्या काकू जड काठपदरात होत्या; अक्षता पडेपर्यंत त्यांच्या ब्लाऊजच्या काखेत घामाची मोठी गोल खूण उमटली होती. जरीला घाम लागला की चांदीचा भाग काळवंडतो, आणि रेशीम ओलं झालं की कमजोर होतं. काखेजवळ आणि कमरेला साडी आधी फाटते ती याचमुळे. सूत उलट ओलं झालं की बळकट होतं. आत्या त्याच पत्र्याखाली पंगतीत निवांत वाढत होती. तिचं खरं गुपित मात्र साडीत नव्हतं. तिचा परकर साध्या सुती पॉपलिनचा होता आणि ब्लाऊज टू बाय टूचा, अस्तराशिवाय.

साडीचा विचार करताना आपण हेच विसरतो. पाच-सहा निऱ्या म्हणजे बेंबीखाली दहा-बारा थर. त्याखाली परकर, नाडी, खोचलेला पदर. घाम सगळ्यात जास्त साठतो तो इथे. आता परकराऐवजी तंग बसणारे नायलॉनचे शेपवेअर निघाले आहेत. त्यांच्यावर 100 नंबरी सुताची साडी नेसली तरी अंग शिजतं. ब्लाऊजचं कापड रेशमी असलं तरी अस्तर सुती मलमलचं सांगावं. शिंपी न विचारता पॉलिएस्टरचं लावतात. फॉलही सुती मिळतो, मागावा लागतो.

आणि एक सावधगिरी. 'कॉटन सिल्क' म्हणून जे सध्या दुकानादुकानांत विकलं जातं त्यात पुष्कळदा ना धड सूत असतं ना रेशीम. दशीचा एक धागा काढून जाळून पाहावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास, आणि काळी गोळी बोटात चुरडली की भुगा होतो. धागा वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिएस्टर; ते दमट हवेतल्या लग्नाला अजिबात नेसू नये. खऱ्या रेशमावर केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्कचं लेबल मिळू शकतं, 2004 पासून.

करवतीलाही तिची पथ्यं आहेत. टसरवर पाण्याचा थेंब पडला की डाग उमटतो, म्हणून हात धुताना पदर सांभाळायचा. घरी पाण्यात टाकली तर सुती काठ आटतो आणि अंगाला चुण्या पडतात, म्हणून ती ड्रायक्लीनलाच द्यावी. पिन मारताना धागा ओढला जातो. पिनेखाली कापडाचा तुकडा ठेवावा. आणि लग्नाहून आल्यावर घडी करून कपाटात टाकू नये. रात्रभर दोरीवर सावलीत, वारं लागेल अशी पसरून ठेवावी, मगच घडी घालावी.

लग्न नांदुऱ्यातलंच असेल तर खळ घातलेली सुती साडी खुशाल नेसा, तिच्यासारखं सुख नाही. पण पत्रिकेवर मुंबई, पनवेल, रत्नागिरी असं काही असेल, तर हजारांची जड काठपदराची घेण्याआधी एकदा मोहाडीची करवती मागून पाहा. दुकानात नसेल तर दुकानदाराला आणायला सांगा.