परकी बिले आणि दोन ताळे

इटलीहून आलेल्या बिलाच्या फोटोवरून मराठी प्रत करताना शब्दांपेक्षा आकड्यांची जागा अधिक जपावी लागते. मालाचे वर्णन दोन ओळींत मोडले असले, की दर भलत्याच नगासमोर जाऊन बसतो. म्हणून आधी रकाने आखून आकडे जसेच्या तसे उतरवावेत. वर्णनाचे भाषांतर मागाहून करावे.

तिकडे हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम लिहितात. समजा, बिलात १२ नग ४८,५० युरो दराने ५८२,०० आणि ५ नग १.२५०,०० दराने ६.२५०,०० आहेत, कर वगळता एकूण ६.८३२,००. उतरवताना दोन दरांची अदलाबदल झाली, तरी रकमांची बेरीज बिनचूकच येते आणि पाहणारा निश्चिंत होतो. ती चूक उघडी पडते नग आणि दर यांच्या गुणाकारात. उलट, साडेबाराशेला सव्वा आणि सव्वासहा हजारांना सव्वासहा वाचले, तर गुणाकार बेमालूम जुळतो. फसते ती बेरीज. तेव्हा दोन्ही ताळे हवेत.

दरपत्रकात मात्र ना नग, ना बेरीज. तेथे प्रत्येक ओळ बोट ठेवून फोटोशी ताडण्यावाचून इलाज नाही, आणि तेही दुसऱ्या माणसाकडून करवून घेतलेले बरे.