रविवारी दहा ते बारा

चेन्नईला बदली झाली तेव्हा घर पुण्यातच ठेवलं. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. परंगीमलैच्या मेसमध्ये मी एकटाच. ओळखी भरपूर, पण सगळ्या एकाच गोतावळ्यातल्या: कोर्समेट, कोर्समेटचा धाकटा भाऊ, कुणाचा तरी जुना कंपनी कमांडर. खडकवासल्यातून बाहेर पडून वीसेक वर्षं झाली आणि गणवेशाबाहेरचा एकही नवा मित्र आपण जोडलेला नाही, हे एका रविवारी दुपारी ध्यानात आलं.

बंगळूर महामार्गावर इरुंगाट्टुकोट्टै लागतं. रेसिंग ट्रॅक आणि ह्युंदाईचा कारखाना यांमुळे नाव ऐकलेलं असतं. सिपकॉट वसाहतीत ओडिशा, बिहार, बंगालकडची मुलं कंत्राटदारांकडे राबतात. तिथे एक छोटी संस्था रविवारी या मुलांचे फॉर्म आणि अर्ज भरून देते, असं कळलं. चालवणारे सगळे तमिळ, येणारे सगळे हिंदी बोलणारे. दुभाष्या हवा होता. जवानांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आहे.

आधी वरिष्ठांना लेखी कळवलं, परवानगी घेतली. मग संस्थेला एक पान लिहून दिलं: बारा रविवार, दहा ते बारा. हिंदी बोलणं, फॉर्म वाचणं आणि भरणं, एवढंच. फोन नंबर कुणाला देणार नाही, कंत्राटदाराशी बोलायला जाणार नाही, हुद्दा वापरणार नाही. सराव किंवा ड्युटी लागली तर शुक्रवारपर्यंत कळवीन. संस्थेचं काम बघणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई (सगळे त्यांना अक्का म्हणतात) पान वाचून म्हणाल्या, "बारा रविवार म्हणजे बाराच ना? लोक 'जमेल तसं येतो' म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून दिसत नाहीत. आम्ही माणसं बोलावून बसतो."

मर्यादा मी माझ्यासाठी घातली होती. तिचा फायदा त्यांना जास्त होता, हे तेव्हा कळलं.

चौथ्या रविवारी ओडिशाचा एक मुलगा आला. जुन्या कंत्राटदाराकडचा पीएफ बुडाला, अशी त्याची खात्री होती. पैसे बुडाले नव्हते. जुन्याने नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती, त्यामुळे रक्कम नव्या कंत्राटदाराच्या खात्यात वळवता येत नव्हती. ही तारीख कामगाराला स्वतः भरता येते; शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले की पीएफच्या संकेतस्थळावर Manage खाली Mark Exit दिसतं. फक्त त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो नंबर याने कधीच हरवला होता. म्हणजे आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं. त्यासाठी एक दिवसाची रजा, म्हणजे एक दिवसाचा पगार. दोन रविवार तो आलाच नाही.

त्या दोन रविवारी माझे हात शिवशिवत होते. याला फोन करावा, कंत्राटदाराला एकदा भेटावं. 'कर्नल' म्हटलं की दार उघडतं. पण मी निघून गेल्यावर पुढच्या मुलासाठी ते दार कोण उघडणार? अक्कांकडे एक रजिस्टर होतं. त्यात प्रत्येक मुलाचं काम कुठे अडलं आणि पुढची पायरी कोणती, एवढं लिहू लागलो. निघण्याआधीची शेवटची दहा मिनिटं त्यासाठीच. बाजूला बसणारे एक निवृत्त फोरमन तेच मला तमिळमध्ये वाचून दाखवायला लावत. माझे उच्चार ऐकून खोली हसायची.

नवव्या रविवारी मुलगा नवा नंबर घेऊन आला. तारीख भरली, मागोमाग रक्कम वळवण्याचा अर्ज गेला. आता नव्या कंत्राटदाराची मान्यता हवी होती. बाराव्या रविवारीही ती आली नव्हती.

मी अक्कांना म्हणालो, "आणखी दोन रविवार येतो, याचं काम संपेपर्यंत."

"याचं संपेल तोवर दुसऱ्याचं अर्धं असेल, सार," त्या म्हणाल्या. "परत यायचं तर नवीन पान लिहून द्या."

राग आला, खोटं कशाला बोलू. रजिस्टर फोरमनसाहेबांच्या हाती दिलं. त्या मुलाची ओळ त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचली, हिंदीत, अडखळत, पण बरोबर. मग म्हणाले, फॉर्म संपले, आता घरी चला. त्यांच्या घरी जेवलो. त्यांचा भाऊ ईएमईमध्ये हवालदार होता, हे तीन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

नवीन पान पावसाळ्यानंतर दिलं. या वेळी आठ रविवार. मुलाच्या ओळीपुढे तोवर फोरमनसाहेबांच्या अक्षरात तारीख आणि एक बरोबरची खूण होती.