काठीला भिणारे सगळे

शाळेत संस्कृत शिकून मग पालीकडे वळलेल्या माणसाला सगळ्यात जास्त अडवतो तो ‘स्स’. ‘देवस्य’चं ‘देवस्स’ झालं, म्हणजे ही षष्ठी, असं मनाशी पक्कं होतं. पण संस्कृतात चतुर्थीला ‘देवाय’ असं वेगळं रूप आहे आणि पालीत चतुर्थीलाही बहुतेक वेळा ‘देवस्स’च येतं. ‘-आय’ उरला आहे, पण तो मुख्यतः ‘कशासाठी’ सांगताना: ‘सग्गाय’, स्वर्गासाठी. त्यामुळे ‘स्स’ दिसला की ‘देवाचा’ आणि ‘देवाला’ अशी दोन्ही दारं उघडी असतात.

पंचमीची तऱ्हा निराळी. पालीत शब्दाच्या शेवटी व्यंजन टिकत नाही. ‘देवात्’मधला ‘त्’ गळाला आणि ‘देवा’ उरलं. आता हे ‘देवापासून’ की ‘अनेक देव’? दोन्ही रूपं सारखीच. म्हणून सर्वनामांचे प्रत्यय नामांनाही लागू लागले: ‘देवस्मा’, ‘देवम्हा’. सप्तमीतही ‘देवे’च्या जोडीला ‘देवस्मिं’, ‘देवम्हि’ आले. ही रूपं कोष्टकात पाठ होतात. पंचाईत होते ती गाथेत.

धम्मपदाच्या दण्डवग्गातली १२९वी गाथा घ्या. तिच्या पहिल्या चरणात तीनच शब्द आहेत: ‘सगळे’ हा कर्ता, थरथरण्याचं क्रियापद आणि ‘दण्डस्स’. या ‘दण्डस्स’ची विभक्ती कोणती?

आधी रूप बघायचं. ‘स्स’ आहे, म्हणजे चतुर्थी किंवा षष्ठी. षष्ठी सहसा दुसऱ्या एखाद्या नामाला टेकून उभी असते, दंडाचा घाव, दंडाचं भय अशी. म्हणून शेजारी नाम शोधायचं. इथे तसं नाम नाही. ‘दंडाचे सगळे’ असं जोडलं तर अर्थच लागत नाही. मग चतुर्थी? ‘दंडासाठी थरथरतात’ हेही जमत नाही. आता क्रियापदाला विचारायचं. ते भीतीचं आहे, आणि संस्कृत व्याकरणानुसार ज्याची भीती वाटते त्याची पंचमी होते, म्हणजे तिथे ‘दण्डात्’ अपेक्षित. तेव्हा उत्तर असं लिहायचं: रूप षष्ठीचं, अर्थ पंचमीचा. ही काही आपली पळवाट नव्हे. कच्चायनाच्या जुन्या पाली व्याकरणात द्वितीयेच्या आणि पंचमीच्या अर्थी षष्ठी येते असा नियमच आहे.

याच गाथेच्या दुसऱ्या चरणातला ‘मच्चुनो’ हा पडताळा. संस्कृतात ‘मृत्योः’ हे पंचमी आणि षष्ठी दोन्हींचं रूप, त्यामुळे तिथे प्रश्नच उठत नाही. पालीत पंचमीला ‘मच्चुस्मा’, ‘मच्चुम्हा’ अशी वेगळी रूपं आहेत, आणि तरीही गाथेत ‘मच्चुनो’ आहे. शेजारचं क्रियापद पुन्हा भीतीचंच. एकाच गाथेत दोनदा तेच घडतं, म्हणजे तो लेखनिकाचा दोष नाही, ती भाषेची रीत आहे.

आमच्या आजीला या गाथा तोंडपाठ होत्या, अर्थ मात्र तिला कुणी शब्दाशब्दाने सांगितला नव्हता. मी तिला हे ‘पंचमीच्या अर्थी षष्ठी’ समजावायला लागलो, तर ती म्हणाली, “पासून कशाला रे मधे? म्हैस काठीला भिते. माणूसबी काठीलाच भितो.” घोडेगावात म्हशींचा बाजार बघत वाढलेल्यांपैकी कुणीही ‘काठीपासून भिते’ म्हणणार नाही. मराठीतही भीतीच्या क्रियापदाजवळ आपण पंचमी सोडून ‘ला’ लावतो. जुन्या मराठीतला ‘काठीस’मधला ‘स’ तर अनेक भाषाभ्यासक या ‘स्स’पर्यंतच नेऊन पोचवतात. मी कोष्टकातून जिथे पोचलो, तिथे आजी बोलीतून आधीच उभी होती.

पण कानावर सगळं सोपवू नये. पुढच्या, १३०व्या गाथेत ‘सब्बेसं’ येतं. तेही चतुर्थी-षष्ठीचंच, अनेकवचनी रूप. मात्र तिथे ते ‘प्रिय’ या अर्थाच्या विशेषणाशी जोडलेलं आहे: जगणं सर्वांना प्रिय. म्हणजे ‘दण्डस्स’ हे ज्याची भीती वाटते ते, आणि ‘सब्बेसं’ हे ज्यांना काही प्रिय वाटतं ते. मराठीत दोन्हीकडे ‘ला’ आणि ‘ना’ चालून जातात, म्हणून फरक दिसत नाही. तो शेजारच्या शब्दाकडे बघूनच कळतो.

आणि तो कळावा लागतो, कारण दोन्ही गाथांचा शेवट एकच आहे: स्वतःवरून ताडून बघा, मारू नका, दुसऱ्याकरवी मारवू नका. ताडून काय बघायचं? मलाही काठीची भीती वाटते, मलाही जगणं आवडतं. ही दोन वाक्यं उभी आहेत ती एका ‘स्स’वर आणि एका ‘सं’वर. आजीने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग काठी ज्याच्या हातात हाय, तो कुठल्या विभक्तीत?”

गाथेत तो वेगळा नाही. तो त्या पहिल्या ‘सगळे’मध्येच आहे, प्रथमेत.