विलंबाचे आठवडे आणि भरपाईचे लाख

बांधकामाच्या करारात दर आठवड्याच्या विलंबासाठी ठरावीक रक्कम कापून घेण्याचे जे कलम असते, त्याला बांधकाम व्यवसायात ‘एलडी’ म्हणतात. विलंबामुळे मालकाचे किती नुकसान होईल याचा उभय पक्षांनी आधीच प्रामाणिकपणे बांधलेला अंदाज, म्हणजेच निर्धारित नुकसानभरपाई, असा त्याचा अर्थ आहे. हीच रक्कम नुकसानीशी ताळमेळ न ठेवता केवळ धाक घालण्यासाठी फुगवलेली असली, तर ते दंडाचे कलम ठरते. इंग्लंडच्या न्यायालयांनी 1915 च्या डनलॉप खटल्यात या दोहोंमध्ये काटेकोर भेद केला. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 74 ने मात्र त्या भेदाला फारसे महत्त्व न देता, करारात कोणतीही रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत राहून केवळ वाजवी भरपाई देण्याचा नियम घातला. करारातला आकडा हा अशा रीतीने हक्क नसून कमाल मर्यादा असतो, ही गोष्ट बिलातून सरसकट कपात करणारी कार्यालये सहसा विसरतात.

उदाहरणादाखल सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील एका गावातील दुमजली शाळेचे काम घ्यावे, जे कल्पित असले तरी नेहमी आढळणारे आहे. कराराची रक्कम 2 कोटी रुपये, कार्यारंभ 1 नोव्हेंबरला, मुदत पावसाळ्यासह बारा महिने, विलंबाची भरपाई आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे 1 लाख रुपये, आणि तिची कमाल मर्यादा दहा टक्के. काम चौदा आठवडे उशिरा पुरे झाले आणि अंतिम बिलातून 14 लाख रुपये कापले गेले. आता हे चौदा आठवडे एकेक करून पाहिले पाहिजेत, कारण अशा वादात दरावर क्वचितच भांडण होते. भांडण होते ते कोणता आठवडा कोणाच्या खाती टाकायचा यावर.

पायाच्या खोदाईत जुना भराव लागल्याने सुधारित नकाशा मिळण्यास पाच आठवडे लागले, आणि नकाशा देणे मालकाचे काम असल्याने तेवढी मुदतवाढ ठेकेदाराला मिळायलाच हवी. ऑगस्टमध्ये पुराने रस्त्यावरचा पूल वाहून गेल्यामुळे दोन आठवडे सिमेंटची गाडी पोहोचली नाही. ही दैवी आपत्ती, म्हणजे करारातील ‘फोर्स मेजर’, होय, आणि ठेकेदाराने ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना दिली असेल तर अशा कलमाने त्याला सर्वसाधारणपणे वेळ मिळतो, पैसा मिळत नाही. शेवटचे तीन आठवडे सेंट्रिंगची टोळी निघून गेल्याने आणि महागलेल्या सळया घेणे लांबवल्याने वाया गेले. केवळ महागाईने करार पार पाडणे अशक्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या ‘एनर्जी वॉचडॉग’ निकालात स्पष्ट केल्यामुळे ते आठवडे निर्विवादपणे ठेकेदाराच्या पदरी पडतात.

उरले चार आठवडे पावसाचे, आणि खरी मेख येथेच आहे. जुलैचा पाऊस नित्याचा, मुदत पावसाळा धरूनच ठरलेली, म्हणून कार्यालय त्याची दखल घेत नाही, आणि एरवी ते बरोबरही असते. पण मूळ वेळापत्रकाप्रमाणे वरचा स्लॅब मेअखेर पडायचा होता. नकाशाच्या पाच आठवड्यांनी तो जुलैच्या आरंभी ढकलला गेला आणि ऐन धुवाधार पावसात सापडला. पाऊस नित्याचा असला तरी स्लॅब पावसात जाणे हे नकाशाच्या विलंबाचे फळ होते, आणि अडथळ्यांच्या नोंदवहीत दोन्ही नोंदी तारखांसह, उभयतांच्या सह्यांनिशी असतील, तर हे चार आठवडेही मालकाकडे जातात. भरपाईस पात्र उरतात तीनच आठवडे, म्हणजे जास्तीत जास्त 3 लाख रुपये.

तेही पूर्ण मिळतील असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या ‘कैलाशनाथ’ निकालात नुकसान झालेलेच नसेल तर भरपाई नाही असे म्हटले, आणि नुकसान मोजणे शक्य असेल तेथे ते सिद्ध करणे आवश्यक मानले. ते मोजणे अवघड वा अशक्य असेल तेथेच, आधी बांधलेला प्रामाणिक अंदाज स्वीकारला जातो. शाळा तोवर महिना 40,000 रुपये भाड्याच्या जागेत भरत असेल आणि दुसरे कोणतेही नुकसान दिसत नसेल, तर तीन आठवड्यांचे नुकसान साधारण 30,000 रुपयांच्या आसपास निघते, आणि 3 लाखांचा आग्रह टिकणे कठीण होते. वर्ग झाडाखाली भरले असतील, तर त्याचे मोल रुपयांत ठरवता येत नाही, आणि तेथे करारातील दरालाच वजन येते.

मालकाचीही एक चूक वारंवार दिसते. वेळेला करारात निर्णायक महत्त्व असताना मुदत उलटूनही मालकाने काम पुढे स्वीकारले, तर त्याच वेळी भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची सूचना न दिल्यास कलम 55 प्रमाणे ती नंतर मागता येत नाही. म्हणून मुदतवाढीच्या पत्रातच ते एक वाक्य लिहिलेले असले पाहिजे.