एक विचारू का?

आज चावडीच्या दाराशी एक बाई थबकून म्हणाल्या, “भाऊसाहेब, एक विचारू का?” अशा वेळी नुसते “विचारा” म्हटले, तर संकोचाने दबलेला मनुष्य प्रस्तावनेतच घुटमळतो, म्हणून दप्तर बाजूला सारून मी म्हणालो, “अवश्य विचारा, बसा. सातबारा हवा आहे, वारसनोंद करायची आहे, की दुसरेच काही?” हा अखेरचा पर्याय मोकळा न ठेवल्यास भिडस्त माणूस चुकीच्या पर्यायालाही मान डोलावतो. गरज तत्काळ प्रकट झाली: पती निवर्तून दोन महिने लोटले होते, आणि वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी लागते, ती तोंडीही चालते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. वर्दी लिहून घेतली आणि तिची लेखी पोच लगेच त्यांच्या हाती दिली.